यादी जुळली म्हणून बाटली जुळत नाही

स्किनस्यूटिकल्स या अमेरिकी कंपनीचं ‘सी ई फेरुलिक’ नावाचं सीरम ३० मिलिलिटरला १८० डॉलरच्या आसपास पडतं. आपल्या पैशात पंधरा हजारांच्या वर. टाइमलेस ही दुसरी अमेरिकी कंपनी विटामिन सी, विटामिन ई आणि फेरुलिक ॲसिड याच तिघांचं सीरम तेवढ्याच मापात पंचवीसेक डॉलरला देते. ड्यूपच्या, म्हणजे महागड्या मालाला स्वस्त पर्याय म्हणून विकल्या जाणाऱ्या मालाच्या जगात ही जोडी बहुधा सगळ्यात जास्त चघळली गेली आहे. आपल्याकडेही पाचशे-सातशे रुपयांच्या कितीतरी बाटल्या याच सीरमच्या नावानं खपतात. घेणाऱ्याला सल्ला ठरलेला असतो: दोन्हींच्या खोक्यांमागची यादी शेजारी-शेजारी ठेवा, एकेक घटक ताडून बघा, जुळले की स्वस्तातली बाटली उचला.

सल्ल्याचा पहिला अर्धा भाग मला पूर्ण पटतो. यादी ताडून बघावीच. दुसरा अर्धा भाग पटत नाही, कारण ती यादी ड्यूपला नापास करू शकते, पास करू शकत नाही. घटक जुळले नाहीत तर हा ड्यूप नव्हे, एवढं ठामपणे म्हणता येतं. जुळले तर मात्र खरी चौकशी तिथून सुरू होते, आणि ती करायला लागणारी माहिती खोक्यावर नसते. ती तिथे छापण्याची सक्ती आपला कायदाही करत नाही.

ड्यूपवाल्यांची एक गोष्ट आधी मान्य करून टाकू. किंमत घटकांत नसते. ‘सी ई फेरुलिक’मध्ये १५ टक्के ॲस्कॉर्बिक ॲसिड, म्हणजे विटामिन सी, असतं, १ टक्का विटामिन ई आणि अर्धा टक्का फेरुलिक ॲसिड. ३० मिलिलिटरच्या बाटलीत हे होतं साधारण साडेचार ग्रॅम, ०.३ ग्रॅम आणि ०.१५ ग्रॅम. ॲस्कॉर्बिक ॲसिड किलोला हजार रुपये धरलं तरी बाटलीतल्या विटामिन सीचे साडेचार रुपये होतात. बाकीचे पैसे संशोधनाचे, बाटलीचे, जाहिरातीचे, विक्रीच्या साखळीतल्या प्रत्येकाच्या वाट्याचे आणि नावाचे. त्यातलं काय काय आपल्या पदरात पडतं, हा प्रश्न विचारण्याचा गिऱ्हाइकाला पूर्ण हक्क आहे. त्यामुळे ड्यूप शोधणारा माणूस चिकट किंवा बावळट असतो, असं मला मुळीच वाटत नाही.

आता यादी वाचायची कशी ते बघू. नियम असा की ज्या घटकांचं प्रमाण एक टक्क्याहून जास्त आहे ते उतरत्या क्रमानं लिहायचे. एक टक्का किंवा त्याहून कमी असलेले त्यांच्यानंतर येतात, पण आपापसात कुठल्याही क्रमानं चालतात. म्हणजे यादीत एक न दिसणारी रेघ असते. रेघेच्या वर क्रमाला अर्थ आहे, खाली नाही. ही रेघ कुठे पडते याचा अंदाज बांधायला सगळ्यात उपयोगी घटक म्हणजे फिनॉक्सीइथेनॉल. हे परिरक्षक सहसा एक टक्क्याहून जास्त घालत नाहीत. युरोपच्या नियमांत तर तीच कमाल मर्यादा आहे. म्हणून यादीत फिनॉक्सीइथेनॉल दिसलं की त्याच्या खालचं सगळं एक टक्का किंवा त्याच्या आत, असं धरून चालायला हरकत नाही. खोक्याच्या दर्शनी बाजूला केशर नि कमळाचं चित्र असतं आणि मागे ते दोन्ही अर्क या रेघेखाली शेवटून दुसरे-तिसरे बसलेले असतात. एवढं एक कळलं तरी निम्म्या जाहिराती आपोआप गळून पडतात.

‘सी ई फेरुलिक’ची यादी अशी आहे: पाणी, इथॉक्सीडायग्लायकॉल, ॲस्कॉर्बिक ॲसिड, ग्लिसरीन, प्रॉपिलीन ग्लायकॉल, लॉरेथ-२३, फिनॉक्सीइथेनॉल, टोकोफेरॉल, ट्रायइथेनॉलअमाइन, फेरुलिक ॲसिड, पॅन्थेनॉल, सोडियम हायल्युरोनेट. बारा घटक, सुगंध नाही, फुलंपानं नाहीत. टोकोफेरॉल म्हणजे विटामिन ई. ते आणि फेरुलिक ॲसिड फिनॉक्सीइथेनॉलच्या खाली आहेत, आणि १ व ०.५ या जाहीर आकड्यांशी ते जुळतं. आणखी एक गोष्ट यादी न सांगता सांगते. ॲस्कॉर्बिक ॲसिड १५ टक्के आहे आणि इथॉक्सीडायग्लायकॉल त्याच्या आधी आलंय, म्हणजे तेही निदान तेवढं असणार. या द्रावकाच्या नावाकडे कुणी ढुंकून बघत नाही, पण बाटलीचा बराच डोलारा त्याच्यावर उभा आहे. फेरुलिक ॲसिड पाण्यात नीट विरघळत नाही आणि विटामिन ई तर तेलात विरघळणारं. या दोघांना पाण्यासारख्या पारदर्शक द्रावणात विटामिन सीशेजारी नांदवायचं तर असे द्रावक आणि लॉरेथ-२३ सारखा तेल-पाणी सांधणारा घटक लागतोच.

टाइमलेसच्या यादीत पाणी आहे, इथॉक्सीडायग्लायकॉल आहे, ॲस्कॉर्बिक ॲसिड आहे, प्रॉपिलीन ग्लायकॉल, विटामिन ई, पॅन्थेनॉल, फेरुलिक ॲसिड आणि सोडियम हायल्युरोनेटही आहे. लॉरेथ-२३ च्या जागी पॉलिसॉर्बेट ८० आलंय, काम तेच. परिरक्षक वेगळं आहे. विटामिन सी १५ ऐवजी २० टक्के आहे. नुसती यादी बघितली तर हा ड्यूप पहिल्या फेरीत सहज पास होतो. द्रावकांची जोडीसुद्धा तीच आहे, म्हणजे बनवणाऱ्यानं मूळ माल नीट समजून घेतलाय.

‘पाच टक्के जास्तच देतात की!’ ही मात्र फसवी खुशी आहे. अमेरिकेतल्या ड्यूक विद्यापीठातले त्वचारोगतज्ज्ञ शेल्डन पिनेल यांच्या गटानं २००१ मध्ये ॲस्कॉर्बिक ॲसिड कातडीत किती शिरतं ते मोजलं होतं. द्रावण २० टक्क्यांपर्यंत तीव्र करत गेलं तसं शोषण वाढलं आणि त्यापुढे उलट घटलं. म्हणजे २० हे टोक झालं. संवेदनशील चेहऱ्याला टोकावरचं द्रावण चुरचुरण्याची शक्यता जास्त. अधिक विटामिन म्हणजे अधिक गुण, हा हिशेब इथे लागू पडत नाही.

त्याच अभ्यासातली दुसरी गोष्ट यादीतून कधीच कळत नाही, आणि माझ्या मते तीच सगळ्यात महत्त्वाची. ॲस्कॉर्बिक ॲसिड कातडीत शिरायचं तर द्रावणाचा पीएच ३.५ च्या खाली लागतो. याचं कारण समजायला सोपं आहे. ॲस्कॉर्बिक ॲसिडचा कण विद्युतभार घेऊन फिरत असेल तर कातडीचा वरचा, तेलकट थर त्याला आत घेत नाही. भार नसेल तर घेतो. पीएच ४.२ च्या आसपास असताना निम्मे कण भाररहित असतात. पीएच ३.२ ला आणला की दहातले नऊ भाररहित होतात. ५.२ वर नेला की दहातला एक उरतो. तेच घटक, तोच क्रम, तेच टक्के, आणि फक्त ट्रायइथेनॉलअमाइनसारखा आम्लता कमी करणारा घटक थोडा जास्त पडला तर बाटलीतला बहुतेक माल कातडीच्या दाराशीच अडतो. यादीत तो घटक दोन्ही वेळा एकाच जागी, एकाच नावानं छापलेला असेल.

म्हणून मी म्हणते की ताडून बघायचंच असेल तर खोक्याशी न ताडता पेटंटशी ताडावं. पेटंट हा उघडा कागद असतो, कुणालाही वाचता येतो. या सीरमचं अमेरिकी पेटंट २००७ मध्ये मिळालं आणि २०२५ मध्ये त्याची मुदत संपली. त्यात काय संरक्षित केलं होतं? ॲस्कॉर्बिक ॲसिड, विटामिन ई आणि फेरुलिकच्या कुळातलं एक आम्ल ही त्रयी, विशिष्ट जातीच्या द्रावकांत विरघळवलेली, आणि पीएच ३.५ हून जास्त नसलेली. पीएच हा कृतीचा भाग होता. २००५ पासून स्किनस्यूटिकल्सची मालकी ज्या लॉरियालकडे आहे, तिनं याच पेटंटवरून २०१८ मध्ये ड्रंक एलिफंट या कंपनीला कोर्टात खेचलं होतं. म्हणजे इतकी वर्षं हुबेहूब नक्कल करणाऱ्याच्या डोक्यावर खटल्याची टांगती तलवार होती, आणि ती चुकवायची तर कृतीत कुठेतरी फरक करणं आलं. आता मुदत संपल्यामुळे हुबेहूब नक्कल कायदेशीर झाली आहे. यापुढचे ड्यूप आधीच्यांपेक्षा जवळचे निघू शकतात. निघतीलच असं नाही, कारण कमी पीएचचं द्रावण कातडीला झोंबतं आणि झोंबलेलं गिऱ्हाईक परत येत नाही. पीएच थोडा वर सरकवण्याचा मोह प्रत्येक उत्पादकाला होणार.

‘ड्यूप म्हणजे प्रसाधनांमधलं जेनेरिक’ हे वाक्य हल्ली फार ऐकू येतं. जनऔषधी केंद्रातून गोळ्या घेणाऱ्या आपल्या लोकांना ते लगेच पटतंही. पण ही तुलना चुकीची आहे. आपल्याकडे जी औषधं पाण्यात नीट विरघळत नाहीत, त्यांचं जेनेरिक बनवण्याचा परवाना घ्यायचा तर २०१७ पासून मूळ औषधाइतकंच ते रक्तात उतरतं हे चाचणीनं दाखवावं लागतं. नुसतं ‘घटक तोच आहे’ एवढं सरकारला चालत नाही. प्रसाधनाला असली कुठलीही परीक्षा नाही. ड्यूपवाला मूळ कंपनीचा अभ्यास उसना घेतो आणि घटक तेच असल्यामुळे गुणही तेच, असं आपणच समजून घेतो.

मूळ कंपनीचा तो अभ्यासही डोळे झाकून मान डोलवावी असा नाही, हेही सांगायला हवं. फेरुलिक ॲसिड घातल्यावर विटामिन सी आणि ई टिकतात आणि उन्हापासूनचं संरक्षण चारपटीवरून आठपटीवर जातं, हा निष्कर्ष २००५ चा. प्रयोग डुकराच्या कातडीवर झाला होता आणि तो करणाऱ्यांत पिनेल स्वतः होते. स्किनस्यूटिकल्सच्या स्थापनेत त्यांचा हात होता. म्हणून तो अभ्यास खोटा ठरत नाही, पण पंधरा हजार रुपये मोजणाऱ्यानं नेमका कशाचा पुरावा विकत घेतला हे त्याला माहीत असावं. आठपट म्हणजे सनस्क्रीन नव्हे, हेही. ते वरून लावावंच लागतं.

आपल्याकडच्या बाजारात तर बहुतेक वेळा पीएचपर्यंत जायची वेळच येत नाही. माझ्या भाचीनं मध्ये एका देशी सीरमच्या खोक्याचे दोन्ही बाजूंचे फोटो पाठवले. खाली लिहिलं होतं, ‘आत्या, हे त्या महागड्यासारखंच आहे ना? विटामिन सी, ई, फेरुलिक सगळं आहे.’ दर्शनी बाजूला मोठ्या अक्षरांत ‘विटामिन सी १५%’. मागे यादीत दुसऱ्या क्रमांकाला इथाइल ॲस्कॉर्बिक ॲसिड, मग ग्लिसरीन, मग कोरफडीचा अर्क, मग फिनॉक्सीइथेनॉल, त्याच्याखाली फेरुलिक ॲसिड, टोकोफेरिल ॲसिटेट आणि शेवटी सुगंध.

तिला मी लिहिलं की हे सीरम वाईट आहे असं नाही, पण हे ‘त्या’सारखं नाही. इथाइल ॲस्कॉर्बिक ॲसिड हा विटामिन सीपासून बनवलेला वेगळा रेणू आहे. तो बराच टिकाऊ आहे, इतक्या कमी पीएचची त्याला गरज नाही, त्यामुळे झोंबतही कमी. एखादीच्या चेहऱ्याला तो जास्तच मानवेल. पण त्याचा रेणू जड असल्यामुळे त्याचे १५ ग्रॅम म्हणजे विटामिन सीचे १३ ग्रॅमच भरतात, आणि आठपटीचा तो अभ्यास या रेणूवर झालेलाच नाही. टोकोफेरिल ॲसिटेट हेही तसंच विटामिन ईचं बांधून ठेवलेलं रूप. खुलं टोकोफेरॉल बाटलीत विटामिन सीला जपतं, बांधलेलं ते काम करू शकत नाही. फिनॉक्सीइथेनॉलखालचं फेरुलिक अर्धा टक्का आहे की नावापुरतं चिमूटभर, हे यादीवरून कळायचा मार्गच नाही. तिन्ही नावं वरवर जुळली आणि तीनपैकी दोन रूपंच वेगळी निघाली. ‘मग सातशे रुपये वाया?’ असं तिनं विचारलं. वाया नव्हेत, सातशेचं सीरम सातशेला घेतलं. ते पंधरा हजारांचं आहे असं समजू नये, इतकंच.

यादी जिथे हात टेकते तिथून पुढे घरी एक तपासणी करता येते. रसायनांच्या दुकानात पीएचच्या पट्ट्या मिळतात. १ ते १४ ची नेहमीची पट्टी इथे उपयोगाची नाही, ती ३ आणि ४ मधला फरक धड दाखवत नाही आणि आपला सगळा प्रश्न तेवढ्या फटीतच आहे. अर्ध्या-अर्ध्या अंकाचे टप्पे असलेली, फक्त आम्ल बाजूची पट्टी घ्यावी. पांढऱ्या बशीत सीरमचा एक थेंब टाकून पट्टीचं टोक त्यात टेकवायचं आणि पाकिटावर सांगितलेल्या वेळेनंतर, दिवसाच्या उजेडात रंग जुळवायचा. ॲस्कॉर्बिक ॲसिड असल्याचं सांगणाऱ्या सीरममध्ये ४ च्या वरचा रंग आला तर ती बाटली त्या पेटंटाच्या जवळपासही नाही. तेलकट किंवा बिनपाण्याच्या सीरमला मात्र ही परीक्षा लागू नाही, तिथे पट्टी काहीही रंग दाखवते.

बशीतला थेंब पुसून टाकण्याआधी त्याचा रंगही बघून घ्यावा. ताजं सीरम पाण्यासारखं किंवा अगदी फिकट गवती असतं. हवा, ऊन आणि उष्णता लागली की ॲस्कॉर्बिक ॲसिड मोडत जातं, द्रावण आधी पिवळं, मग नारिंगी, शेवटी तपकिरी होतं. मोडण्यातून एरिथ्रुलोज नावाची एक साखर तयार होते, तिनं कातडीवर नि नखांच्या कडेला पिवळट-तपकिरी डाग पडतात. काही सीरमांत संत्र्याचा अर्क किंवा रंग मुळातच घातलेला असतो. अशी बाटली मी घेत नाही, कारण ती बिघडली हे कळायची एकमेव खूण त्या रंगाखाली झाकली जाते. आपल्याकडे तर मार्च ते जून माल गोदामात आणि डिलिव्हरीच्या गाडीत कुठल्या तापमानात फिरतो देव जाणे. इथे महाग बाटलीलाही सूट नाही. सहा महिने गोदामात तापलेल्या पंधरा हजारांच्या सीरमपेक्षा गेल्या महिन्यात भरलेलं स्वस्त सीरम चांगलं, असं मी बेधडक म्हणेन. त्यामुळे घटकांच्या यादीइतकीच उत्पादनाची तारीखही ताडून बघण्याची गोष्ट आहे.

प्रत्येक वस्तूला एवढा खटाटोप लागतो असं नाही. साधं मॉइश्चरायझर, फेसवॉश, व्हॅसलिनसारखी वस्तू यांत यादी जवळपास पुरते. ग्लिसरीन कुणाच्याही बाटलीत ग्लिसरीनच असतं, ते हवेनं मोडत नाही. सनस्क्रीनमध्ये याच्या अगदी उलट. तिथे यादी तंतोतंत जुळूनही उपयोग नाही, कारण संरक्षण किती हे कातडीवर थर किती सलग बसतो यावर ठरतं आणि ते मोजल्याशिवाय कळत नाही. सनस्क्रीनचा ड्यूप घटक ताडून घेणाऱ्याला मी हात जोडून थांबवेन.

आता कायद्याचं. आपले प्रसाधनांचे नियम २०२० चे. घटक उतरत्या क्रमानं लिहा, एक टक्क्याखालचे कसेही लिहा, हे त्यातच आहे. पण पुढे एक सवलतही आहे: द्रव पदार्थ ६० मिलिलिटरपेक्षा कमी असेल आणि घट्ट पदार्थ ३० ग्रॅमपेक्षा कमी, तर घटकांची यादी छापली नाही तरी चालेल. सीरमची बाटली सर्रास ३० मिलिलिटरची असते. म्हणजे ज्या वस्तूची यादी लोक सगळ्यात चिकाटीनं ताडून बघतात, तिच्यावर यादी छापायची सक्तीच नाही. आज बहुतेक कंपन्या ती छापतात, पण आपण होऊन. ही सवलत लहान कुपीवर जागा नसते म्हणून दिली गेली असेल. सीरम मात्र खोक्यात येतं, आणि खोक्याला सहा बाजू असतात.

माझी मागणी मोठी नाही. ६० मिलिलिटरची सवलत निदान खोक्यात येणाऱ्या मालाला काढून टाकावी. दर्शनी बाजूला ज्या घटकाचं नाव घेऊन माल विकला जातो, त्याचं टक्क्यांतलं प्रमाण आणि नेमकं रासायनिक रूप मागच्या बाजूला लिहायला लावावं, म्हणजे इथाइल ॲस्कॉर्बिक ॲसिडला नुसतं ‘विटामिन सी’ म्हणून खपवता येणार नाही. आणि आम्लावर चालणाऱ्या मालावर पीएच छापावा. यानं कृतीचं गुपित फुटेल ही कंपन्यांची नेहमीची तक्रार आहे, ती इथे टिकत नाही. पीएच घरी पट्टीनंही अंदाजे कळतो. स्पर्धक कंपनीच्या प्रयोगशाळेला तो पहिल्याच दिवशी कळलेला असतो. माहीत नसतो तो फक्त गिऱ्हाइकाला.